काल लॉस एंजेलिस, आज डेन्व्हर: बास्केटबॉलचा भाव काढताना दमणूक कशी मोजायची

लॉस एंजेलिसमधला सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो आणि दहाच्या सुमारास संपतो. मग अंघोळ, पत्रकारांचे प्रश्न, बर्फाच्या पिशव्या बांधून घेणं, बस, विमानतळ. संघाचं विमान स्वतःसाठीच घेतलेलं असतं, त्यामुळे रांगा नसतात, तरी चाकं जमिनीवरून सुटायला बारा वाजतात. डेन्व्हरला पोचायला दोन तास लागतात, पण वाटेत घड्याळ एक तास पुढे सरकतं. उतरतात तेव्हा तिथे पहाटेचे तीन झालेले असतात. डेन्व्हरचा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे, म्हणजे हॉटेलच्या उशीवर डोकं टेकेपर्यंत चार. आणि त्याच संध्याकाळी सातला, समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर, दोन दिवस घरी झोपलेल्या संघाशी खेळायचं.

एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉल लीग पाहणाऱ्या कुणालाही हे वेळापत्रक दाखवलं की तो म्हणतो, पाहुणे आज मार खाणार. ते बहुधा खरंही असतं. प्रश्न वेगळा आहे: किती गुणांनी? आणि त्यातले किती गुण सट्टाबाजाराने ठरवलेल्या गुणांच्या फरकात, म्हणजे बाजाराच्या भावात, आधीच बसलेले आहेत? या लेखात हा एवढाच हिशेब आहे, फक्त एनबीएचा आणि फक्त ‘साइड’चा, म्हणजे कोणता संघ किती गुणांच्या फरकाने जिंकेल याचा. दोन्ही संघांच्या एकूण गुणांवरच्या भावात मी इथे शिरत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, तिथे सामन्यांवर पैसे लावणं २०१८ पासून कायदेशीर आहे. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत, त्यामुळे तिथल्या वाचकाने हा कागदावरचा संख्याशास्त्राचा अभ्यास समजावा. अभ्यास म्हणूनही तो चांगला आहे, कारण तुमचं उत्तर रोज सकाळी तपासून मिळतं.

आधी माप: एक गुण म्हणजे किती?

एनबीएत बाजाराचा शेवटचा भाव आणि प्रत्यक्ष निकाल यांच्यातल्या फरकाचं प्रमाण विचलन साधारण १२ गुण असतं. म्हणजे बाजाराने एखाद्या संघाला ६ गुणांनी पुढे ठेवलं, तर तो १८ नी जिंकणं किंवा ६ नी हरणं यात नवल काहीच नाही. घंटेच्या आकाराच्या या पसरट आलेखाच्या मध्याजवळ एका गुणाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.३ टक्क्यांनी बदलते.

हे माप पाठ करून ठेवा. अमेरिकेत नेहमीचा भाव ११० लावून १०० जिंकण्याचा असतो. त्यात नफा-तोटा शून्यावर यायलाच ५२.४ टक्के वेळा बरोबर यावं लागतं. गुणांच्या भाषेत, तुमचा अंदाज बाजारापेक्षा पाऊण गुणाने चांगला असेल तेव्हा कुठे तुम्ही फक्त बरोबरीला येता. आता थकव्याचा संपूर्ण परिणामच दीड गुणाच्या आसपास असेल, आणि त्यातला बराचसा बाजाराने आधीच धरला असेल, तर हातात किती उरतं? या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत. ‘बॅक-टू-बॅकचा, म्हणजे लागोपाठच्या दोन दिवसांतला, दुसरा सामना, पाहुण्यांच्या विरुद्ध जा’ एवढं सांगून मोकळे होतात.

पहिली पायरी: विश्रांतीचे दिवस नीट मोजा

सोपं वाटतं, पण चुका इथूनच सुरू होतात. नियम असा ठेवा: दोन सामन्यांच्या तारखांतला फरक, वजा एक. काल आणि आज सामना असेल तर विश्रांती शून्य. परवा आणि आज असेल तर एक. काही तक्त्यांत वजाबाकी न करता नुसता तारखांचा फरक दिलेला असतो, तिथे बॅक-टू-बॅक म्हणजे १ असतो. दोन ठिकाणची माहिती जोडताना हा एकाचा घोळ राहिला तर सगळं मॉडेल एक घर सरकतं आणि कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही.

दुसरी चूक माझ्या मावसभावाने पुण्यात बसून केली. त्याने मोठ्या आनंदाने एक तक्ता पाठवला: “दादा, एकाच दिवशी दोन सामने खेळणारे संघ सापडलेत, त्यांची विश्रांती वजा एक येतेय.” एनबीएत एका संघाचे एका दिवशी दोन सामने होत नाहीत. झालं होतं असं, की त्याची माहिती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत होती. न्यूयॉर्कमध्ये शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना हिवाळ्यात यूटीसीप्रमाणे रविवारी साडेबाराला, मध्यरात्रीनंतर येतो. रविवारी दुपारी एकचा सामनाही यूटीसीप्रमाणे रविवारीच, संध्याकाळी सहाला. दोन्हींची तारीख एकच. वजा एक निदान डोळ्यांत खुपतो. पण शुक्रवार रात्र आणि रविवार दुपार अशी जोडी आली की एक दिवसाची विश्रांती गुपचूप शून्य होते आणि बॅक-टू-बॅकच्या डब्यात जाऊन बसते. भारतीय वेळेने मोजलं तरी हीच गत.

म्हणून आधी वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या तारखेत आणा, मग वजाबाकी करा:

```python
t = pd.to_datetime(df["tip_utc"], utc=True)
t = t.dt.tz_convert("America/New_York")
df["day"] = t.dt.tz_localize(None).dt.normalize()
df = df.sort_values(["season", "team", "day"])
gap = df.groupby(["season", "team"])["day"].diff()
df["rest"] = (gap.dt.days - 1).clip(upper=3).fillna(3)
```

शेवटच्या ओळीत ३ ची मर्यादा मुद्दाम घातली आहे. विश्रांतीचा फायदा सरळ रेषेत वाढत नाही. शून्यावरून एकावर जाताना जो फरक पडतो तोच खरा. एकावरून दोनावर जाताना हाती फारसं लागत नाही, आणि हंगामाच्या मधल्या ऑल-स्टारच्या सुट्टीनंतर सात-आठ दिवस बसलेला संघ तीन दिवस बसलेल्यापेक्षा ताजा असतो असं मानायला आधार नाही. मर्यादा न घालता विश्रांतीचे दिवस थेट समीकरणात टाकले की सुट्टीनंतरचे ते मोजके सामने सगळी रेषा आपल्याकडे ओढतात.

तपासणीसाठी एक सोपी खूण सांगतो. अलीकडच्या हंगामांत प्रत्येक संघाच्या वाट्याला सरासरी १४-१५ बॅक-टू-बॅक येतात. तुमच्या तक्त्यात एखाद्या संघाचे पंचवीस निघाले तर तारखा पुन्हा पाहा. आणखी एक: वेळापत्रक ऑगस्टमध्ये येतं तेव्हा ८२ पैकी ८० सामनेच ठरलेले असतात, उरलेले दोन हंगामातल्याच एनबीए कप या स्पर्धेच्या गटफेरीनंतर भरले जातात. म्हणून ऑगस्टमध्ये बनवलेला विश्रांतीचा तक्ता डिसेंबरमध्ये पुन्हा बनवावा लागतो.

दुसरी पायरी: बॅक-टू-बॅक एकच प्रकारचा नसतो

दमणूक नेहमी समोरच्याच्या तुलनेत बघायची. दोघेही काल खेळले असतील तर दोघांचंही पारडं सारखंच हललेलं असतं, आणि अशा सामन्यात ‘दमलेला संघ’ शोधण्यात अर्थ नाही. उपयोगाचे असतात ते एकच संघ दमलेला असलेले सामने.

त्यातही काल कुठे खेळला, आज कुठे खेळतोय, हे पाहा. काल घरी आणि आज बाहेर, काल एका परक्या शहरात आणि आज दुसऱ्या, काल बाहेर आणि आज घरी, किंवा दोन्ही दिवस एकाच शहरात. शेवटचा प्रकार लोक विसरतात. लेकर्स आणि क्लिपर्स दोन्ही लॉस एंजेलिसचेच संघ, त्यामुळे लेकर्सने काल घरी खेळून आज क्लिपर्सकडे खेळायचं म्हणजे बसने इंगलवूडला जायचं, झोप आपल्याच बिछान्यात. त्याला लॉस एंजेलिस-डेन्व्हरच्या रांगेत बसवलं तर सरासरी पातळ होते. काल बाहेर आणि आज घरी हा प्रकार मात्र वरून सोपा दिसतो तेवढा नसतो, कारण पहाटेचं विमान तोही संघ पकडतो, फक्त उतरल्यावर घरी जातो.

माझे सुरुवातीचे आकडे असे आहेत: प्रवास करून परक्या मैदानावर दुसरा सामना खेळणाऱ्या संघाला १.३ गुण वजा, घरी परतून खेळणाऱ्याला ०.९ वजा, प्रवासाशिवायच्याला ०.५. हे कुठल्या ग्रंथातून आलेले नाहीत. माझ्या तक्त्यातून निघालेले आणि मुद्दाम खाली ओढलेले आहेत. तुमचे थोडे वेगळे येतील. २.५ किंवा ३ आले, तर पुढची पायरी दोनदा वाचा.

तिसरी पायरी: दमणूक, घरचं मैदान आणि गैरहजेरी वेगळी करा

माझं पहिलं मॉडेल इथेच फसलं होतं, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

बॅक-टू-बॅकच्या दुसऱ्या दिवशी संघ सरासरी किती गुणांनी कमी पडतो हे तुम्ही नुसत्या निकालांवरून काढलंत, तर त्या एका आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे खरी दमणूक: जड पाय, तोकडे पडणारे तीन गुणांचे फटके, बचावात उशिरा परतणं. दुसरी, घरचं मैदान. बॅक-टू-बॅकचे दुसरे सामने जास्त करून पाहुण्या संघाच्या वाट्याला येतात, त्यामुळे मैदानाचा तोटा आणि थकव्याचा तोटा एकमेकांत गुंततात. ओलिव्हर एंटाइन आणि डिलन स्मॉल या संख्याशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हीच गुंतवळ उलट बाजूने सोडवली होती. घरच्या मैदानाचा जो फायदा आपण म्हणतो, त्यातला एक भाग प्रत्यक्षात पाहुणे कमी विश्रांती घेऊन आलेले असल्याचा आहे, पण तो भाग मुख्य नाही, असं त्यांना दिसलं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. सगळ्या सामन्यांवरून घरच्या मैदानाचा फायदा २.२ गुण आला असेल, तर त्यात पाहुण्यांची सरासरी दमणूक आधीच मुरलेली आहे. त्यावर दमणूक वेगळी चढवायची असेल तर मैदानाचा आकडा फक्त समान विश्रांतीच्या सामन्यांवरून काढा. तो थोडा कमी येईल, समजा २.०. फरक लहान आहे, पण पाऊण गुणावर सगळा खेळ चाललेला असताना ०.२ सोडून देता येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: कोण खेळलंच नाही. दुखापतीतून नुकता परतलेला खेळाडू किंवा पस्तिशीतला तारा यांना दोन रात्रींपैकी एका रात्री बसवण्याची पद्धत आहे. त्या दिवशी संघ हरतो तो दमल्यामुळे नव्हे, तर त्याचा उत्तम खेळाडू कोट घालून बाकावर बसल्यामुळे. नुसत्या निकालात दोन्ही सारखंच दिसतं. मी पहिल्या वर्षी बॅक-टू-बॅकचे दोन गुण निकालांवरून काढले, आणि वर गैरहजर खेळाडूचे गुण वेगळे चढवले. एकच कारण दोनदा मोजलं. माझ्या कागदावर दर आठवड्याला चार-पाच ‘सोन्याच्या संध्या’ दिसायच्या, आणि त्या सगळ्या एकाच दिशेच्या असायच्या: दमलेल्या संघाच्या विरुद्ध. सगळ्या संध्या एकाच बाजूच्या दिसू लागल्या की चूक बाजाराची नसून आपली असते.

उपाय एकच. संघाची ताकद त्या दिवशी प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्या खेळाडूंवरून काढा, आणि त्यानंतर जे उरतं त्यावर बॅक-टू-बॅकचा आकडा बसवा. खेळाडूचं वजन काढायला त्याचं दर १०० पझेशनमागचं, म्हणजे चेंडू हाती येण्याच्या १०० पाळ्यांमागचं, गुणांतलं योगदान घ्या, त्याच्या जागी येणाऱ्याचं वजा करा, आणि तो किती मिनिटं खेळतो त्या प्रमाणात धरा. एका सामन्यात प्रत्येक संघाला शंभराच्या आसपास पझेशन मिळतात, त्यामुळे हिशेब सरळ आहे. खेळाडू +४, बदली −१, म्हणजे फरक ५. मिनिटं ४८ पैकी ३६. तर ५ × ०.७५ म्हणजे सुमारे ३.७ गुण. थकव्याच्या दीड गुणासमोर हा आकडा ठेवून पाहा.

खेळाडू खेळणार की नाही हे कळायच्या वेळाही ठरलेल्या आहेत. एरवी संघाला दुखापतींची यादी सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत द्यावी लागते. बॅक-टू-बॅकच्या दुसऱ्या सामन्यासाठी मात्र ती मुदत सामन्याच्या दिवशी दुपारी १ पर्यंतची आहे. म्हणजे बाजार उघडतो तेव्हा याच सामन्यांबद्दल माहिती सगळ्यात कमी असते. डेन्व्हरच्या दुपारी १ ला हिवाळ्यात भारतात रात्रीचा दीड वाजलेला असतो, त्यामुळे सकाळी सामना पाहायला बसणाऱ्याच्या हाती यादी असतेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये लीगने ताऱ्यांच्या विश्रांतीवर नियम घातले. गेल्या तीन हंगामांत ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए या मानाच्या संघांत निवडला गेलेला खेळाडू ‘तारा’ धरला जातो, आणि एका संघाने एकाच सामन्यात दोन धडधाकट तारे बसवायचे नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला ३५ पूर्ण झालेल्यांसाठी किंवा खूप मिनिटं खेळलेल्यांसाठी बॅक-टू-बॅकची सवलत आधी मंजूर करून घेता येते. शिवाय मोठ्या पुरस्कारांसाठी ६५ सामन्यांची अट आली. त्यामुळे २०२३ च्या आधीच्या सवयींवरून ‘हा दुसऱ्या रात्री खेळत नाही’ असं ठरवू नका. प्रत्येक ताऱ्याची या नियमानंतरची वही वेगळी ठेवा.

चौथी पायरी: आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

समजा एका हंगामात ‘पाहुणे दमलेले, यजमान ताजे’ असे २५० सामने मिळाले. विचलन १२ असल्यामुळे सरासरीतली प्रमाण चूक १२ भागिले २५० चं वर्गमूळ, म्हणजे ०.७६ गुण. खरा परिणाम १.३ असला तरी एखाद्या हंगामात तो २.८ दिसेल आणि दुसऱ्यात जवळपास शून्य, आणि दोन्ही निव्वळ योगायोग असतील. ‘यंदा बॅक-टू-बॅकचा परिणाम संपला’ अशा मथळ्यांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. सहा हंगाम एकत्र केले की १,५०० सामने होतात आणि चूक ०.३१ वर येते, तेव्हा कुठे आकडा बोलू लागतो.

पण मागे किती जायचं यालाही मर्यादा आहे. २०१७-१८ पासून लीगने हंगाम आठवडाभर आधी सुरू करून पाच रात्रींत चार सामने हा प्रकार बंद केला, त्यामुळे त्याआधीची दमणूक वेगळ्या जातीची होती. २०२० च्या उन्हाळ्यात ऑर्लँडोमध्ये एकाच ठिकाणी खेळलेले सामने काढून टाका, तिथे प्रवासच नव्हता. २०२०-२१ चा ७२ सामन्यांचा दाटीवाटीचा हंगाम वेगळा ठेवा. परदेशात आणि तटस्थ मैदानावर झालेले सामनेही वगळा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स लागोपाठ दोन दिवस खेळले, पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा संपला. सरावाचे सामने होते म्हणून ते तुमच्या तक्त्यात यायचेच नाहीत, पण दहा-बारा तासांचं घड्याळ उलटवून, दोघांनीही सारखाच प्रवास करून खेळलेला सामना ‘बॅक-टू-बॅक’ या एका शब्दात बसत नाही, हे त्यावरून ध्यानात यावं.

नवा हंगाम आला की जुना आकडा फेकून देऊ नका, त्याला थोडं हलवा. माझा जुना अंदाज १.३ आणि त्यातली अनिश्चितता ०.५ आहे. नव्या हंगामात ३.० आला, चूक ०.७६. दोन्हींना चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं की उत्तर १.८ येतं. म्हणजे डोळ्यांना ३ दिसत असतानाही मी १.८ च्या पुढे जात नाही.

पाचवी पायरी: प्रवास

प्रवासाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण बॅक-टू-बॅक वेगळा काढल्यावर मैलांमध्ये फारसं काही उरत नाही. लांबचा प्रवास करून मधे एक दिवस मिळाला तर संघ सावरतो. प्रवास दुखतो तो झोप कापतो तेव्हा. म्हणून मी किलोमीटर मोजत नाही, पोचायची वेळ मोजतो: कालचा सामना सुरू झाल्याची वेळ, अधिक साडेचार तास, अधिक उड्डाणाचा वेळ, अधिक पूर्वेकडे जाताना गमावलेले तास. हे पहाटे तीन किंवा त्याच्या पुढे आलं तर आणखी ०.३ गुण. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे येतं आणि झोप वाचते.

उंचीची गोष्ट वेगळी. डेन्व्हर आणि सॉल्ट लेक सिटी या दोन ठिकाणी घरच्या संघाला इतरांपेक्षा थोडा जास्त फायदा मिळतो. तो त्या शहराच्या मैदानाच्या आकड्यात एकदाच धरायचा. ‘विरळ हवा’ म्हणून प्रवासाच्या खान्यात तो पुन्हा लिहिला की परत तेच, दोनदा मोजणं.

काल जादा वेळ झाला का, मुख्य पाच जण किती मिनिटं खेळले, हेही लोक विचारतात. काल चौथ्या क्वार्टरमध्ये सामना एकतर्फी होऊन तारे बाकावर बसले असतील तर मी बॅक-टू-बॅकच्या गुणांतून ०.२-०.३ कमी करतो. यापेक्षा जास्त करावं इतकं स्पष्ट मला तक्त्यात कधी दिसलेलं नाही.

एक सामना शेवटपर्यंत

आता सुरुवातीचाच सामना घेऊ, संघांचे आकडे काल्पनिक. डेन्व्हरची ताकद +४, पाहुण्यांची +१, फरक ३ गुण. समान विश्रांतीचा मैदानाचा फायदा २.०, डेन्व्हरच्या उंचीचे जादा ०.८. इथपर्यंत डेन्व्हर ५.८ ने पुढे. पाहुणे प्रवास करून दुसरी रात्र खेळतायत, १.३. पहाटे तीनला पोचले, ०.३. डेन्व्हरला दोन दिवस विश्रांती मिळाली, त्याचं काहीच नाही. एकूण ७.४.

पाहुण्यांचा मुख्य खेळाडू, वर काढलेला ३.७ गुणांचा, खेळणार का? यादी अजून आलेली नाही. नव्या नियमांनंतरच्या त्याच्या वहीवरून मी बसण्याची शक्यता ४० टक्के धरतो. म्हणजे ३.७ चे ४० टक्के, दीड गुण. यादीआधीचा माझा भाव ८.९. बाजारात डेन्व्हर ८.५ ने पुढे आहे. फरक ०.४ गुण, म्हणजे ५१.३ टक्के. ५२.४ लागतात. सोडून द्यायचा.

दुपारी एकला यादी आली, तो ‘आउट’. माझा भाव आता ७.४ अधिक ३.७, म्हणजे ११.१. बाजार काही मिनिटांत १०.५ वर जातो. फरक ०.६, म्हणजे ५२ टक्के. हाही नाही. उलट तो खेळणार असता तर माझा भाव ७.४ राहिला असता, आणि बाजार ८ वर थांबला असता तरी पाहुण्यांच्या बाजूने तेवढाच ०.६ चा फरक मिळाला असता.

आता हाच सामना माझ्या पहिल्या वर्षीच्या पद्धतीने मांडतो. ताकद ३, सरसकट मैदान २.२, डेन्व्हर ०.८, निकालांवरून काढलेला बॅक-टू-बॅक २.०, उशिरा पोचणं ०.३, वर ‘उंची आणि दमणूक एकत्र’ म्हणून ०.५, गैरहजर खेळाडू ३.७. बेरीज १२.५. बाजार १०.५. फरक दोन गुण, म्हणजे ५६.६ टक्के! कागदावर हंगामातला सगळ्यात चांगला सामना. खरं तर मधले जवळपास दीड गुण मैदान, गैरहजेरी आणि उंची दुसऱ्यांदा मोजल्यामुळे आलेले होते. त्या वर्षी मी असे सामने निवडून निवडून लावले, आणि मार्चपर्यंत वही लाल झाली.

सहावी पायरी: बाजाराला आधीच माहीत आहे का?

तुमचे आकडे बरोबर असणं आणि बाजाराचे चूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅक-टू-बॅकची तारीख ऑगस्टपासून सगळ्यांना माहीत असते. म्हणून शेवटी निकालाऐवजी बाजाराची चूक समीकरणाच्या डावीकडे ठेवा. यजमान ६.५ ने पुढे असेल तर भाव −६.५ लिहा, तो १० नी जिंकला तर चूक ३.५.

```python
df["miss"] = df["home_margin"] + df["home_close"]
m = smf.ols("miss ~ away_b2b_travel + home_b2b", df).fit()
print(m.params, m.bse)
```

दमणुकीसमोरचा आकडा शून्याच्या आसपास, त्याच्या प्रमाण चुकीच्या दुपटीच्या आत आला, तर शेवटच्या भावात दमणूक बसायची राहिली आहे असं म्हणायला आधार नाही. माझ्याकडे प्रवासाच्या बॅक-टू-बॅकसाठी तो शून्यापासून वेगळा काढता येत नाही. हीच तपासणी सकाळच्या पहिल्या भावावर केली तर थोडं काही उरतं, पण ते यादी येण्याआधीच्या ४० टक्क्यांच्या अंदाजातून येतं, थकलेल्या पायांतून नाही.

म्हणून आता माझ्या वहीत दर बॅक-टू-बॅकला एक ओळ असते: तारीख, तारा, त्याचं वय, काल खेळलेली मिनिटं, मी धरलेली बसण्याची शक्यता, आणि दुपारी एकनंतर समोर फक्त ‘खेळला’ किंवा ‘बसला’. दर महिन्याला मी ३० ते ५० टक्के शक्यता दिलेल्या सगळ्या ओळी एकत्र करतो आणि प्रत्यक्षात किती जण बसले ते मोजतो. गेल्या हंगामात मी पस्तिशीपुढच्या खेळाडूंची बसण्याची शक्यता जास्त धरत होतो. ते सवलत घेतात हे डोक्यात पक्कं बसलं होतं, पण ६५ सामन्यांची अट गाठायला धडपडणारेही त्यांच्यातच होते. यंदा त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला आहे: अजून किती सामने चुकले तरी चालतील.